चक्राचा वेग आणि खिशाचे भोक

महिन्यापूर्वी पस्तिशीतले एक गृहस्थ पत्नीला घेऊन दवाखान्यात आले. तक्रार झोप न लागण्याची होती. रक्तदाब ठीक, साखर ठीक. मग पत्नीनेच सांगितले, "डॉक्टर, रात्री अकरा ते एक मोबाईलवर ती फिरती चक्रं चालू असतात." गृहस्थ खाली मान घालून म्हणाले, "दहा-दहा रुपयांचाच तर खेळ आहे."

दहा रुपयांच्या खेळात महिन्याला पगार कसा संपतो, हे त्यांना कळत नव्हते. त्या दिवशी मी औषधाआधी कागद-पेन्सिल घेतली. तेच गणित वाचकांपुढे ठेवतो.

चक्राच्या अशा खेळात कंपनी स्वतःच लिहिते की परतावा ९६ टक्के. याचा अर्थ पुष्कळजण चुकीचा लावतात. हजार भरले तर नऊशे साठ परत मिळतील, असे ते नव्हे. प्रत्येक वेळी लावलेल्या पैशावर सरासरी ४ टक्के कंपनीकडे जातात. दहा रुपयांच्या एका डावाला चाळीस पैसे. जिंकलेले पैसे आपण पुन्हा लावतो, आणि त्यांच्यावरही हे चाळीस पैसे कापले जातात. म्हणून प्रश्न आहे तो तासात किती डाव होतात याचा. सूत्र सोपे आहे:

तासाचे सरासरी नुकसान = एका डावाची रक्कम × तासातील डाव × कंपनीचा वाटा

बोटाने बटण दाबून, निकाल पाहून, सहा सेकंदांनी पुढचा डाव लावला, तर तासात ६०० डाव होतात. लावलेले पैसे ६,००० रुपये, त्यांचे ४ टक्के म्हणजे २४० रुपये.

आता 'ऑटोप्ले' चालू केला. बटण दाबायलाच नको, खेळ आपोआप चालतो. अडीच सेकंदाला एक डाव धरला तर तासात १,४४० डाव, नुकसान ५७६ रुपये. त्यावर 'टर्बो' लावला की चक्र फिरल्याचा देखावाही आखडतो. दीड सेकंदाला एक डाव, तासात २,४०० डाव, नुकसान ९६० रुपये. रक्कम तीच, परतावा तोच, नुकसान मात्र चौपट.

आमच्या या गृहस्थांनी 'टर्बो'च लावला होता. दोन तासांचे सरासरी १,९२० रुपये. ते रोज साधारण दोन हजार भरत होते! "मग कधी कधी जिंकतो ते?" त्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. सरासरी म्हणजे रोजचा हिशेब नव्हे. एखाद्या रात्री हजार वर येतात, एखाद्या रात्री तीन हजार जातात. पण डाव जितके जास्त, तितका एकूण निकाल या ४ टक्क्यांच्या जवळ सरकतो. नशिबाला हात दाखवायला थोडे डाव लागतात, कंपनीला पुष्कळ.

काहीजण रक्कम निम्मी करून समाधान मानतात. पाच रुपये लावून 'टर्बो' खेळले तर तासाला ४८० रुपये जातात. दहा रुपये लावून सावकाश खेळणाऱ्याच्या दुप्पट!

पैशाइतकीच मनाची बाजू महत्त्वाची. दोन डावांतली विश्रांती हीच "आता पुरे" म्हणण्याची जागा असते. 'ऑटोप्ले'त ती जागा उरत नाही. माणूस निर्णय घेत नाही, नुसता पाहत बसतो. म्हणूनच ब्रिटनने ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन चक्रांच्या खेळात 'ऑटोप्ले' आणि वेग वाढवणाऱ्या सोयी बंद केल्या आणि दोन डावांत किमान अडीच सेकंदांचे अंतर सक्तीचे केले. आपल्याकडे संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाच केला. तरी चोरवाटेने खेळणारे दवाखान्यात येतात.

घरच्यांनी ओळखावे कसे? 'किती भरले' हे विचारू नका, खात्यातील खेळाचा तपशील उघडून 'एकूण किती लावले' तो आकडा पाहा. आमच्या गृहस्थांनी एका रात्री दोन हजार भरले होते, पण लावले होते सत्तेचाळीस हजार. तो आकडा पाहून ते बराच वेळ गप्प बसले. हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे, कर्ज लपवणे, खेळ थांबवला की चिडचिड होणे, ही आजाराची लक्षणे समजावीत.

'टर्बो' बंद केल्याने नुकसान हळू होते, थांबत नाही. शून्य डावांचेच नुकसान शून्य असते. आपल्याने थांबवणे होत नसेल तर रागावण्याऐवजी मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

हे गृहस्थ आता दर पंधरा दिवसांनी येतात. मोबाईल रात्री पत्नीकडे असतो. झोपेची गोळी अजून लिहावी लागलेली नाही.