पान्याची लांबी आणि हाताचा जोर

चोर्ला घाटात गाडी पंक्चर झाली तेव्हा स्टेपनी मीच बसवली. नट सैल राहू नयेत म्हणून शेवटी पान्यावर चक्क उभा राहिलो. महिन्याभराने गॅरेजमध्ये त्यातला एक नट निघेना. मामांनी पान्याला पाईप लावून ओढलं आणि स्टड तुटून हातात आला. "कुणी आवळलं होतं रे हे?" त्यांनी विचारलं. मी गप्प!

घरी येऊन हिशेब मांडला. हाताचा जोर गुणिले नटाच्या मध्यापासून हातापर्यंतचं अंतर म्हणजे टॉर्क. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत चाकाच्या नटासाठी ११० न्यूटन-मीटर दिलं आहे. गाडीसोबतचा पाना २५ सेंटिमीटरचा, म्हणजे ०.२५ मीटर. ११० भागिले ०.२५ म्हणजे ४४० न्यूटन, साधारण ४५ किलो वजनाइतका जोर. नुसत्या हाताने तेवढा लावणं कठीण, म्हणून तर माणूस पाय देतो. पण माझं वजन ६० किलो, म्हणजे सुमारे ५९० न्यूटन. आडव्या पान्याच्या टोकावर नुसतं उभं राहिलं तरी १४७ न्यूटन-मीटर होतात, आणि मी तर वर उसळ्याही मारल्या होत्या.

तोच पाना ५० सेंटिमीटरचा असता तर २२० न्यूटन, म्हणजे साडेबावीस किलोच्या आसपास जोर पुरला असता. एवढा जोर पाय रोवून, पान्याशी काटकोनात ओढला की हाताने जमतो. तिरकं ओढलं तर जोराचा काही भाग वाया जातो. म्हणून टॉर्क रेंच निवडताना आधी हवा तो आकडा बघायचा आणि तो हाताच्या आवाक्यात येईल एवढा लांब दांडा घ्यायचा.

मामांनी मग ५० सेंटिमीटरचा रेंच माझ्या हातात दिला. मुठीजवळचा आकडा ११० वर आणला. चाक जमिनीला टेकलेलं, नट समोरासमोरच्या क्रमाने. मूठ मधोमध धरून सावकाश ओढलं, 'टक्' झालं की थांबायचं. मी खात्रीसाठी पुन्हा ओढायला गेलो तर मामा ओरडले. टक् झाल्यावरही रेंच अडत नाही, ओढाल तेवढा नट आवळतच जातो. पाईप लावला की जोर इतका कमी लागतो की टक् हाताला कळायच्या आत आपण पुढे गेलेलो असतो.

मी आट्यांना तेल लावायला निघालो होतो, तेही त्यांनी थांबवलं. आवळताना बहुतेक टॉर्क घर्षणातच खर्ची पडतो, स्टडला ताण द्यायला थोडाच उरतो. तेलाने घर्षण कमी झालं की त्याच ११० ला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांचा आहे.

आवळताना नट फिरतोय पण हात जड होत नाहीये, असं वाटलं तर स्टड ताणून लांबतोय किंवा आटे जाताहेत. तिथे टक् ची वाट बघू नये, स्टड बदलावा.