सबस्क्रिप्शन बंद केलं, पण व्हॅटचं काय?

ब्रिटनमध्ये धंदा थाटलेल्या नवख्या मराठी माणसाला जुनी मंडळी एक गोष्ट बजावतात: सॉफ्टवेअर नकोसं झालं, तर आधी बँकेचं डायरेक्ट डेबिट तोडू नका. त्याने हप्ता थांबतो, करार चालूच राहतो आणि पुढची बिलं थकबाकी म्हणून साचत जातात. सबस्क्रिप्शन विक्रेत्याकडे, लेखी रद्द करायचं आणि कोणत्या तारखेपासून बंद झालं याची पोच घ्यायची.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते.

स्लाउमध्ये केटरिंग करणाऱ्या, व्हॅटसाठी नोंदणी असलेल्या एका कुटुंबाचा हिशेब पाहू. ऑर्डर घेण्याचं सॉफ्टवेअर त्यांनी १ फेब्रुवारीला वर्षभरासाठी घेतलं: ६०० पौंड आणि त्यावर २० टक्के व्हॅट १२०, एकूण ७२०. मार्चअखेरच्या तिमाहीत त्यांनी हे १२० पौंड परत मागितले. ३१ जुलैला सेवा बंद केली. करारात उरलेल्या महिन्यांचे पैसे परत देण्याचं कलम होतं, म्हणून ऑगस्टमध्ये ३६० पौंड खात्यात आले. हिशेबाच्या सॉफ्टवेअरने बँकेतली ही जमा पाहून तिला 'विक्री, व्हॅट नाही' असं नाव सुचवलं आणि घाईत ते मान्यही झालं.

इथेच घोळ झाला. त्या ३६० पौंडांतले ३०० खर्चातून वजा व्हायचे होते आणि ६० हा आधीच मागून घेतलेला व्हॅट होता. नोंद तशीच राहिली असती, तर सरकारकडून ६० पौंड जादा घेतल्यासारखं झालं असतं आणि विक्रीही फुगलेली दिसली असती. चूक पकडली गेली ती विक्रेत्याच्या खात्यामुळे: क्रेडिट नोट चढवल्यावर तिथे ३६० पौंड येणं बाकी दिसत होतं आणि पैसे तर कधीच आले होते. जमा त्या क्रेडिट नोटेशी जोडली, सप्टेंबरअखेरच्या विवरणात बॉक्स ४ मधून ६० आणि बॉक्स ७ मधून ३०० कमी केले, आणि खातं शून्यावर आलं. मार्चचं विवरण उकरायची गरज पडली नाही, कारण भरलं तेव्हा ते बरोबरच होतं.

परदेशी विक्रेत्याने व्हॅट न लावता बिल दिलं असेल, तर खरेदीदार रिव्हर्स चार्जने तोच कर स्वतः दाखवतो आणि स्वतःच वजा करतो. अशा वेळी परतावा आला की बॉक्स १, ४, ६ आणि ७ हे चारही कमी होतात.

परताव्याचं कलमच नसेल, तर मात्र दुरुस्त करण्यासारखं काही उरत नाही. पैसे भरलेत, तर मुदत संपेपर्यंत सॉफ्टवेअर वापरावं, हा इथला व्यवहारी सल्ला.

आणि लॉगिन बंद होण्याआधी सगळी बिलं आणि क्रेडिट नोटा उतरवून घ्या. कार्डाची पावती पुरत नाही, विक्रेत्याचा व्हॅट क्रमांक असलेलं बिलच लागतं. व्हॅटची ही कागदपत्रं साधारणपणे ६ वर्षं जपून ठेवावी लागतात.