घटक ४ : चातुर्मास – नियम, आचार आणि कारणे
(वसई-विरार परिसराच्या विशेष संदर्भात)

४.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपणांस
• चातुर्मासाचा कालावधी आणि त्याची गणना स्पष्ट करता येईल.
• आहारविषयक निर्बंधांत ग्रंथातील नियम आणि प्रत्यक्ष आचार यांतील फरक सांगता येईल.
• लोक या निर्बंधांची जी कारणे देतात, ती पंचांगाच्या आधारे तपासून पाहता येतील.

४.१ प्रास्ताविक

आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतच्या काळास चातुर्मास म्हणतात. पुराणकथेनुसार आषाढातील शयनी एकादशीला विष्णू शेषशय्येवर निद्राधीन होतो, भाद्रपदातील परिवर्तिनी एकादशीला कूस पालटतो आणि कार्तिकातील प्रबोधिनी एकादशीला जागा होतो. देव निजलेले असताना मंगलकार्ये करू नयेत या समजुतीमुळे या काळात विवाह आणि मौंज टाळण्याची रीत आहे. तुळशीचे लग्न झाल्यावर माणसांच्या लग्नांचे मुहूर्त सुरू होतात.

चांद्र महिना सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा असतो. त्यामुळे चार महिन्यांचे साधारण ११८ दिवस होतात. २०२४ साली चातुर्मास १७ जुलैपासून १२ नोव्हेंबरपर्यंत होता. तेवढेच दिवस भरतात. मात्र या काळात अधिक महिना आला, तर ‘चार महिने’ हे नाव कायम राहूनही व्रत पाच महिन्यांचे होते. २०२३ साली अधिक श्रावण असल्यामुळे चातुर्मास २९ जूनपासून २३ नोव्हेंबरपर्यंत चालला.

४.२ एका जागी राहण्याची परंपरा

पावसाळ्याचे चार महिने नियमाने घालवण्याची कल्पना एकाच धर्मपरंपरेची नाही. या परिसरातच त्याची खूण आहे. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथील बौद्ध स्तूपाचे उत्खनन १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी केले. बौद्ध भिक्षूंना पावसाळ्यात तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम होता; त्यास वर्षावास म्हणतात. विनयपिटकात या नियमामागील प्रसंग दिला आहे. पावसाळ्यातही भिक्षू फिरतात, हिरवे गवत तुडवतात आणि बारीक जीव चिरडतात, अशी लोकांची तक्रार होती. तिच्यावरून हा नियम घालण्यात आला. जैन साधु-साध्वीही चातुर्मासात विहार थांबवून एकाच गावी राहतात. त्या काळात अनेक जैन कुटुंबे पालेभाजी वर्ज्य करतात आणि पानांवरील सूक्ष्म जीवांची हिंसा टाळणे हे त्याचे कारण सांगतात.

येथे नियम आणि कारण यांचा संबंध सरळ आहे. हिंसा टाळायची म्हणून चालणे थांबवायचे, हिंसा टाळायची म्हणून पान सोडायचे. गृहस्थांच्या हिंदू व्रतात मात्र हा संबंध इतका सरळ नाही. पुढील विवेचनाचा विषय तोच आहे.

४.३ ग्रंथातील नियम : चार महिने, चार पदार्थ

अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनी रचलेला ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ महाराष्ट्रातील धर्माचाराचा प्रमाणग्रंथ मानला जातो. अशा ग्रंथांत चातुर्मासाच्या आहारव्रताचा क्रम येतो : पहिल्या महिन्यात शाक म्हणजे भाजी, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध आणि चौथ्यात द्विदल म्हणजे डाळी-कडधान्ये वर्ज्य करावीत. ‘शाक’ या शब्दाचा अर्थही व्यापक आहे. त्यात केवळ पाने येत नाहीत. मूळ, फूल, फळ, साल असे भाजीचे दहा प्रकार मोजले जातात.

हा क्रम श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक असा सांगितला जात असला, तरी व्रत एकादशीला घेतले असेल, तर त्याचा महिनाही एकादशीपासूनच मोजतात. म्हणजे ‘श्रावणातील’ भाजीत्याग आषाढ शुद्ध एकादशीला सुरू होऊन श्रावण शुद्ध दशमीला संपतो. ही गणना ध्यानात घेतली नाही, तर व्रत आणि सण यांचा मेळ कळत नाही. दोन उदाहरणे पाहू.

ऋषिपंचमीला अळू, सुरण, भेंडी, काकडी अशा अनेक भाज्या एकत्र शिजवून ‘ऋषीची भाजी’ करतात. ती तिथी भाद्रपद शुद्ध पंचमी. तोवर भाजीत्यागाचा महिना संपलेला असतो, त्यामुळे अडचण येत नाही. कोजागरीच्या दुधाचेही तसेच. दूध वर्ज्य असलेला तिसरा महिना आश्विन शुद्ध दशमीला संपतो आणि कोजागरी त्यानंतर पाच दिवसांनी येते.

परंतु प्रत्येक सण असा सुटत नाही. दहीत्यागाचा दुसरा महिना श्रावण शुद्ध एकादशीपासून भाद्रपद शुद्ध दशमीपर्यंत असतो आणि गोपाळकाला नेमका त्यातच येतो. डाळी वर्ज्य असलेल्या चौथ्या महिन्यात दिवाळी येते; फराळातील बेसनाचे लाडू आणि चकली डाळीशिवाय होत नाहीत. संपूर्ण क्रम पाळणाऱ्याला येथे निर्णय करावा लागतो. काल्यातील दही प्रसाद म्हणून घ्यावे की केवळ हात जोडावेत, हा निर्णय घराघरांत वेगळा असतो.

४.४ प्रत्यक्ष आचार

चार पदार्थांचा हा क्रम आज थोडेच लोक पाळतात. महाराष्ट्रात अधिक रूढ असलेला आचार वेगळा आहे : कांदा, लसूण आणि वांगे सोडणे. त्याची सुरुवात एकादशीच्या दोन दिवस आधी होते. आषाढ शुद्ध नवमीला ‘कांदेनवमी’ म्हणतात. त्या दिवशी कांद्याची भजी, थालीपीठ, वांग्याचे भरीत असे पदार्थ करून या भाज्यांना निरोप देतात. वांग्याचा निर्बंध कित्येक घरांत कार्तिकी एकादशीलाही संपत नाही. मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच वांगे खातात. आवळा, चिंच, बोर आणि ऊस ही तुळशीच्या लग्नाची फळे. ती त्या पूजेत अर्पण झाल्यावर खायची, असा संकेत आहे.

याशिवाय व्यक्तिगत नेम असतात. दिवसातून एकदाच जेवणे म्हणजे एकभुक्त. एक दिवस उपवास आणि दुसऱ्या दिवशी भोजन यास धारणे-पारणे म्हणतात. मौनाने जेवणे, आवडता पदार्थ सोडणे, दारी रोज तेहतीस गोपद्मे काढणे हेही नेम प्रचलित आहेत. नेम स्वतः निवडायचा असतो आणि कार्तिकात त्याचे उद्यापन करायचे असते. उपवासाच्या दिवशी वसईची सुकेळी उपयोगी पडतात. राजेळी केळी उन्हाच्या दिवसांत सोलून वाळवलेली असल्याने ती पावसाळ्यात टिकतात.

सर्वांत मोठा वर्ग मात्र चार महिने नव्हे, तर केवळ श्रावण पाळणाऱ्यांचा आहे. आषाढ अमावास्येला दीपपूजन होते. बोलीत याच दिवसाला ‘गटारी’ म्हणतात, कारण मांसाहारी घरांत मासे-मटणाचे ते शेवटचे जेवण असते. काही जण महिनाभर सामिष वर्ज्य करतात, काही केवळ सोमवार-शनिवार पाळतात.

४.५ कारणांची तपासणी

लोकांना ‘हे का पाळता?’ असे विचारले, की तीन प्रकारची उत्तरे येतात. पहिले धार्मिक : देव निजले आहेत, संयम राखावा. दुसरे आरोग्यविषयक : पावसात पचनशक्ती मंद होते. तिसरे निसर्गविषयक : भाज्यांत किडे होतात, माशांचा विणीचा काळ असतो. ही उत्तरे खोटी नसतात. पण ‘कारण पटण्याजोगे आहे’ आणि ‘नियम त्या कारणामुळे निर्माण झाला’ ही दोन विधाने वेगळी आहेत. त्यांतील अंतर ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे तारखा.

दह्याचे उदाहरण घ्या. ‘आयुर्वेद पावसाळ्यात दही खाऊ नये असे सांगतो, म्हणून व्रतात ते वर्ज्य आहे,’ असे म्हटले जाते. वर्षा ऋतूत अग्नी मंद होतो, असे आयुर्वेद निश्चित मानतो. परंतु चरकसंहितेत दही विशेषतः शरद, ग्रीष्म आणि वसंत या ऋतूंत निषिद्ध म्हटले आहे. वर्षा ऋतूचे नाव त्या यादीत नाही. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद ऋतू; त्या वेळी व्रताने दह्याची बंदी उठलेली असते. नियम आणि कारण येथे एकमेकांस चुकतात.

आता माशांचे उदाहरण सविस्तर पाहू. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव येथील कोळीवाड्यांचा चरितार्थ समुद्रावर आहे. ‘श्रावणात मासे न खाण्याचे कारण त्यांचा विणीचा काळ’ हे उत्तर या भागात सहज ऐकू येते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते आणि तिचा हेतू मत्स्यबीजाचे रक्षण हाच आहे. २०२४ सालच्या तारखा शेजारी मांडू :

• मासेमारीबंदी : १ जून ते ३१ जुलै
• चातुर्मासारंभ : १७ जुलै
• श्रावणारंभ : ५ ऑगस्ट
• नारळी पौर्णिमा : १९ ऑगस्ट

बंदी आणि चातुर्मास यांचे समान दिवस केवळ पंधरा. बंदी आणि श्रावण यांचा समान दिवस एकही नाही. कायदा समुद्र मोकळा करतो, त्यानंतर चार दिवसांनी व्रत ताट बंद करते. जुन्या रीतीप्रमाणे नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून होड्या लोटल्या, तरी श्रावणाचा पंधरवडा उरतोच. म्हणून विणीचे कारण मासेमारीबंदीला लागू पडते, श्रावणातील त्यागाला पूर्णपणे लागू पडत नाही.

या अंतराचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. दोन महिने होडी किनाऱ्यावर असताना कोळी घर सुके बोंबील, जवळा, वाकट्या यांवर आणि साठवलेल्या पैशावर चालते. ताजी मासळी येऊ लागते तेव्हा गिऱ्हाईक श्रावण पाळत असते. टोपली घेऊन बसलेल्या कोळिणीला हंगामाचा आरंभच मंद मागणीत करावा लागतो. वसईतील अनेक कोळी कुटुंबे ख्रिस्ती आहेत. चातुर्मास त्यांचे व्रत नाही, तरी बाजारातील त्याचा परिणाम त्यांनाही सोसावा लागतो.

४.६ समारोप

चातुर्मासाच्या आहारनियमांत तीन स्तर आढळतात : ग्रंथातील चार पदार्थांचा क्रम, कांदा-लसूण-वांगे किंवा श्रावण पाळण्याचा रूढ आचार, आणि त्या आचाराला लोक देत असलेली कारणे. तिन्ही स्तर एकाच वेळी निर्माण झाले असे मानता येत नाही. आचार टिकून राहतो आणि प्रत्येक पिढी आपल्याला पटणारे कारण त्याला जोडते. पूर्वीच्या पिढीला शेषशायी विष्णू पुरेसा होता; आजच्या पिढीला विणीचा काळ पटतो. कारण बदलले म्हणून आचार खोटा ठरत नाही. मात्र नवे कारण हेच मूळ कारण होते, असे अभ्यासकाने लिहू नये.

४.७ आपली प्रगती तपासा

१. एकादशीपासून महिना मोजल्यास ऋषिपंचमी कोणत्या पदार्थाच्या त्यागाच्या महिन्यात येते?
२. ‘शाक’ या संज्ञेची व्याप्ती स्पष्ट करा.
३. वांग्याचा निर्बंध कोणत्या तिथींच्या दरम्यान पाळला जातो?

४.८ स्वाध्याय

आपल्या घरातील किंवा शेजारातील तीन वेगवेगळ्या वयांच्या व्यक्तींना त्या चातुर्मासात काय वर्ज्य करतात आणि का, हे विचारा. प्रत्येकाचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. नंतर नियम, आचार आणि कारण असे तीन रकाने करून त्यात माहिती भरा आणि कारण तिथींशी जुळते का, हे चालू वर्षाच्या पंचांगावरून पडताळून सुमारे ३०० शब्दांत टिपण लिहा.