'फ्यू' की 'अ फ्यू'? शिष्यवृत्तीचा निबंध तपासताना



परंदवडी आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस आले, की इंग्रजी निबंधांचे कागद माझ्याकडे तपासायला येतात. संध्याकाळचे अभ्यासवर्ग घेणारे आपले काही दादा आणि ताई विचारतात, "स्पेलिंग आम्ही दुरुस्त करतो, पण 'अ', 'द', 'इन', 'ऑन' यांचं काय करायचं?" त्यांच्यासाठी हा पाठ आहे. एका कातकरी मुलीच्या निबंधातला एकच परिच्छेद घेऊ. तिचे नाव देत नाही आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे. इंग्रजी वाक्ये मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, म्हणजे ती मोठ्याने वाचता येतील. तिने लिहिले होते:

"आय लिव्ह इन स्मॉल सेटलमेंट निअर द परंदवडी. माय फादर इज वर्किंग ऑन ब्रिक किल्न फ्रॉम टेन इयर्स. फ्यू गर्ल्स ऑफ अवर सेटलमेंट हॅव पास्ड टेन्थ स्टँडर्ड अँड दे हेल्प मी इन स्टडी. आय गो टू द कॉलेज बाय वॉकिंग. आय वॉन्ट टू बिकम नर्स."

या मुलीच्या घरी कातकरी बोली, शाळेत मराठी आणि त्यानंतर इंग्रजी, म्हणजे इंग्रजी ही तिची तिसरी भाषा. पहिल्या दोन्ही भाषांत 'अ' किंवा 'द' असा शब्दच नाही. आणि इंग्रजीत नामाच्या आधी जे 'इन', 'ऑन', 'ॲट' येते, ते आपल्याकडे नामाच्या मागे 'त', 'वर', 'ला', 'पासून' असे चिकटते. त्यामुळे तिच्या चुका कुठेही विखुरलेल्या नसतात, ठरावीक जागीच सापडतात. म्हणून तपासणी दोन फेऱ्यांत करावी. पहिल्या फेरीत फक्त नामे पाहावीत, दुसऱ्या फेरीत फक्त नामांना जोडणारे छोटे शब्द. दोन्ही एकदम पाहू गेल्यास निम्म्या चुका नजरेतून सुटतात.

पहिली फेरी : नामे

पेन्सिलीने प्रत्येक नामाखाली रेघ ओढा आणि मुलीला मराठीत विचारा, "कोणती? वाचणाऱ्याला आधीपासून माहीत आहे का?" 'स्मॉल सेटलमेंट' ही वाचणाऱ्याला पहिल्यांदाच भेटते आहे. मराठीत आपण सहज 'एका लहान वस्तीत' म्हणतो. असे 'एक' मनात येते तिथे 'अ' हवा : 'इन अ स्मॉल सेटलमेंट'. पुढच्या वाक्यात तीच वस्ती पुन्हा आली, तर ती 'द सेटलमेंट' होते, कारण आता कोणती ते ठरले आहे.

'एक'ची ही खूण एका ठिकाणी मात्र फसवते. 'मला नर्स व्हायचंय' यात आपण 'एक' म्हणत नाही, म्हणून मूल 'बिकम नर्स' लिहिते. इंग्रजीत एखाद्याचा व्यवसाय सांगताना 'अ' लागतोच : 'बिकम अ नर्स'. ही एक गोष्ट पाठच करून घ्यावी.

'अ' लावायचा की 'ॲन', हे ठरवायला आपल्या लिपीची छान मदत होते. पुढचा इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहून पाहा. पहिले अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. 'युनिव्हर्सिटी' य पासून सुरू होते, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'आवर' म्हणजे तास आ पासून सुरू होतो, म्हणून 'ॲन आवर'. अर्जात वारंवार येणारा शब्द म्हणजे 'एसटी सर्टिफिकेट'. रोमन लिपीत त्याचे पहिले अक्षर व्यंजन दिसते, पण उच्चार 'ए' पासून होतो, म्हणून 'ॲन एसटी सर्टिफिकेट'. तेच पूर्ण नावाने लिहिले तर 'अ शेड्यूल्ड ट्राइब सर्टिफिकेट'.

आता 'द परंदवडी'. इथे चूक उलट दिशेने झाली आहे. 'द' विसरू नको असे दोन-तीनदा सांगितले, की मुले तो गावालाही लावू लागतात. गाव, तालुका, जिल्हा, राज्य यांच्या नावाला 'द' लागत नाही. नदीला लागतो : 'निअर परंदवडी', पण 'द पवना रिव्हर'. संस्थेच्या नावात 'ऑफ' असेल तर आधी 'द' येतो, नसेल तर बहुधा येत नाही : 'द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई', पण 'मुंबई युनिव्हर्सिटी'. निबंधात गावांच्या नावांआधी 'द' दिसू लागले, की समजावे : मूल अर्थ पाहत नाही, नियम शिंपडते आहे. तेव्हा नवीन नियम देऊ नये. 'कोणती?' हा प्रश्नच पुन्हा विचारावा.

'गो टू द कॉलेज' हेही तसेच आहे. शिकायला जाते तेव्हा 'गो टू कॉलेज'. तिचे वडील प्राचार्यांना भेटायला जातात तेव्हा 'गो टू द कॉलेज', कारण ते त्या इमारतीत जातात, शिकायला नव्हे.

सर्वांत महत्त्वाचा शब्द

'फ्यू गर्ल्स हॅव पास्ड' हे वाक्य व्याकरणात चुकलेले नाही, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. 'फ्यू गर्ल्स' म्हणजे 'फारच थोड्या मुली, जवळजवळ नाहीतच'. 'अ फ्यू गर्ल्स' म्हणजे 'काही मुली, थोड्या का होईना पण आहेत'. एका 'अ'ने वाक्याचे तोंड फिरते. पहिले वाक्य उणीव सांगते, दुसरे मिळकत सांगते. निवड समितीला वस्तीबद्दल नेमके काय कळणार, हे या एका अक्षरावर ठरते.

अशा ठिकाणी तपासणाऱ्याने स्वतः 'अ' घालू नये आणि काढूही नये. त्या मुलीला काय म्हणायचे आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. मी तिला विचारले, "मराठीत सांग, 'काही मुली' की 'फारच थोड्या मुली'?"

ती म्हणाली, "काही, सर. तिघी आहेत. त्याच मला शिकवतात."

म्हणजे तिला अभिमानाची गोष्ट सांगायची होती आणि कागदावर निराशेची उतरली होती. पुढचे 'दे हेल्प मी' त्या निराशेशी जुळत नव्हते. अर्थ घसरला आहे याची खूण हीच : एक वाक्य आणि त्याच्या शेजारचे वाक्य एकमेकांना धरून नसतात. 'अ फ्यू गर्ल्स' लिहून वाक्य सुधारले असते. पण नेमका आकडा माहीत असताना तोच लिहावा : 'थ्री गर्ल्स'. तिथे शंकेला जागा उरत नाही. 'लिटल' आणि 'अ लिटल' यांचेही असेच. 'वी हॅव लिटल वॉटर' म्हणजे पाणी नसल्यासारखे, 'वी हॅव अ लिटल वॉटर' म्हणजे थोडे आहे.

दुसरी फेरी : 'वर' आणि 'पासून'

आपण म्हणतो, 'वडील वीटभट्टीवर काम करतात'. मुलीने 'वर'चे 'ऑन' केले. इंग्रजी वाचणाऱ्याला 'ऑन ब्रिक किल्न' वाचून भट्टीच्या माथ्यावर उभा असलेला माणूस दिसतो. आपला 'वर' इथे जागा दाखवतो, उंची दाखवत नाही. म्हणून विचारावे, "खरोखर वरच्या बाजूला आहे का?" टेबलावर वही असेल तर 'ऑन द टेबल'. कामाचे किंवा भेटीचे ठिकाण असेल तर 'ॲट' : 'ॲट अ ब्रिक किल्न', 'ॲट द स्टेशन'. चारी बाजूंनी वेढलेली जागा असेल तर 'इन' : वस्तीवर राहते, पण 'इन अ सेटलमेंट'. या प्रश्नाने सारे सुटत नाही. 'फोनवर' हे 'ऑन द फोन'च असते. असे जोड ऐकून आणि वाचूनच बसतात, त्यांची वहीत वेगळी यादी करावी.

'पासून'ला इंग्रजीत तीन वाटा आहेत. मोजलेला काळ असेल तर 'फॉर' : दहा वर्षांपासून, 'फॉर टेन इयर्स'. सुरुवातीची तारीख किंवा वर्ष असेल तर 'सिन्स' : २०१५ पासून, 'सिन्स २०१५'. सुरुवात आणि शेवट दोन्ही असतील तर 'फ्रॉम' आणि 'टू'. 'फॉर' किंवा 'सिन्स' आले आणि काम अजून चालू असेल, तर 'इज वर्किंग' चालत नाही, 'हॅज वर्क्ड' किंवा 'हॅज बीन वर्किंग' करावे लागते.

इथेही तिला विचारावे लागले. दहा वर्षे म्हणजे वर्षभर काम? नाही. पावसाळा संपला की कुटुंब भट्टीवर जाते आणि पुढच्या पावसाआधी परत येते. ही गोष्ट निबंधात नव्हतीच. 'एव्हरी इयर, फ्रॉम नोव्हेंबर टू मे' एवढे घातल्यावर तिची शाळा दरवर्षी का तुटत होती, हे न सांगता कळले.

'बाय वॉकिंग' हे 'चालत'चे शब्दशः रूप. 'बाय' वाहनासाठी असतो : 'बाय बस', 'बाय ट्रेन'. पायी म्हणजे 'ऑन फुट', किंवा त्याहून सोपे 'आय वॉक टू कॉलेज'. आणि 'हेल्प मी इन स्टडी'चे 'हेल्प मी विथ माय स्टडीज' होते, कारण 'हेल्प'ला मदतीच्या विषयाआधी 'विथ' लागतो.

दुरुस्त परिच्छेद असा झाला :

"आय लिव्ह इन अ स्मॉल सेटलमेंट निअर परंदवडी. फॉर टेन इयर्स माय फादर हॅज वर्क्ड ॲट अ ब्रिक किल्न, एव्हरी इयर फ्रॉम नोव्हेंबर टू मे. थ्री गर्ल्स फ्रॉम अवर सेटलमेंट हॅव पास्ड द टेन्थ स्टँडर्ड, अँड दे हेल्प मी विथ माय स्टडीज. आय वॉक टू कॉलेज. आय वॉन्ट टू बिकम अ नर्स."

यात एकही अवघड शब्द आणलेला नाही. शब्द तिचेच आहेत आणि क्रमही बहुतेक तिचाच आहे. तपासणाऱ्याने इथेच थांबावे. मोठे, सजवलेले शब्द घातले, तर मुलाखतीत त्याबद्दल विचारल्यावर मुलीला उत्तर देता येत नाही आणि निबंध दुसऱ्याने लिहिला असा संशय येतो. म्हणून दुरुस्ती स्वतःच्या हाताने लिहू नये. चुकलेल्या ओळीच्या समासात फुली मारावी, 'कोणती?' किंवा 'खरंच वर?' एवढाच प्रश्न लिहावा आणि कागद परत द्यावा. शेवटी मुलीने सगळा निबंध मोठ्याने वाचावा आणि प्रत्येक वाक्य मराठीत सांगावे. जिथे तिचे मराठी आणि कागदावरचे इंग्रजी वेगळे निघते, तिथे अजून एक दुरुस्ती बाकी आहे.