ट्रान्झिस्टरचे चार आकडे : एका जोडणीकडून दुसरीकडे

ट्रान्झिस्टरला पाय तीनच : एमिटर, बेस आणि कलेक्टर. परंतु विवर्धकाला आत येणाऱ्या संकेतासाठी दोन टोके आणि बाहेर जाणाऱ्या संकेतासाठी दोन टोके, अशी चार टोके लागतात. म्हणून तिहींपैकी एक पाय दोन्ही बाजूंना सामाईक ठेवावा लागतो. कोणता पाय सामाईक ठेवला यावर विवर्धकाचा सारा स्वभाव अवलंबून असतो. एमिटर सामाईक असेल तर संकेताची व्होल्टता वाढते. कलेक्टर सामाईक असेल तर ती मुळीच वाढत नाही, तरीही ती जोडणी तितक्याच अगत्याने वापरली जाते. असे का होते, हे प्रस्तुत लेखात आपण आकड्यांच्या साहाय्याने पाहू.

ट्रान्झिस्टरच्या आत काय चालले आहे हे न पाहता त्याला बंद पेटी मानले, तर तिचे वर्तन केवळ दोन समीकरणांत मांडता येते. आदान बाजूची व्होल्टता v1 व धारा i1, आणि प्रदान बाजूची व्होल्टता v2 व धारा i2 असे धरू. दोन्ही धारा पेटीत शिरणाऱ्या मानू. हा संकेत पुढे महत्त्वाचा ठरेल.

```
v1 = hi·i1 + hr·v2
i2 = hf·i1 + ho·v2
```

यातील hi हा आदान रोध होय. तो ओहममध्ये मोजतात. hr म्हणजे प्रदान व्होल्टतेचा जो अंश उलट दिशेने आदानाकडे परततो तो. hf हे धारेचे वर्धन आणि ho ही प्रदान बाजूची संवाहकता. चौघांची एकके एकसारखी नाहीत, म्हणूनच यांना संकरित प्राचल म्हणतात आणि h हे अक्षरही तेथूनच आले. ही निवड सोयीची आहे, कारण प्रदान बाजू संकेतापुरती लघुमंडलित करून hi व hf मोजता येतात, आणि आदान बाजू संकेतापुरती खुली ठेवून hr व ho. ट्रान्झिस्टरच्या बाबतीत ही दोन्ही मापने प्रयोगशाळेत सहज साधतात.

उत्पादकाच्या तक्त्यात बहुधा सामाईक एमिटर जोडणीचेच प्राचल दिलेले असतात. त्यांच्या शेवटी e हे अक्षर असते. पाठ्यपुस्तकांत वारंवार भेटणारा एक संच आपण घेऊ :

```
hie = ११०० ओहम
hre = ०.०००२५
hfe = ५०
hoe = ०.००००२५ अँपिअर प्रति व्होल्ट
```

आता एमिटर-अनुगामी, म्हणजे कलेक्टर सामाईक असलेला विवर्धक करायचा आहे. त्याचे प्राचल तक्त्यात नाहीत. पण ते पुन्हा मोजण्याचीही गरज नाही. पेटी तीच आहे, आपण फक्त तिच्याकडे वेगळ्या पायावरून पाहत आहोत. नव्या जोडणीत आदान व्होल्टता vbc आहे आणि प्रदान व्होल्टता vec. बेसपासून एमिटरपर्यंत व तेथून कलेक्टरपर्यंत जाताना vbc = vbe + vec, आणि vce = −vec. ही दोन नाती पहिल्या समीकरणात घातली की

```
vbc = hie·ib + (१ − hre)·vec
```

मिळते. धारांचे नाते याहून सोपे आहे : तिन्ही पायांतून आत शिरणाऱ्या धारांची बेरीज शून्य, म्हणून ie = −(ib + ic). यावरून

```
ie = −(१ + hfe)·ib + hoe·vec
```

आता मूळ मांडणीशी ताडून नवे प्राचल वाचता येतात. hic = ११०० ओहम, hrc = १ − ०.०००२५ म्हणजे जवळजवळ १, hfc = −५१ आणि hoc = ०.००००२५. चारांपैकी दोन आकडे बदललेच नाहीत. hf चे चिन्ह उलटले आहे. परंतु खरा पालट hr मध्ये आहे : तो सुमारे चार हजारपट वाढला. याचा अर्थ सरळ आहे. या जोडणीत प्रदान व्होल्टता जवळजवळ पूर्णच आदानाकडे परतते.

आता वर्धन काढू. भार RL = १००० ओहम आणि संकेत देणाऱ्या उगमाचा रोध Rs = १०,००० ओहम घेऊ. कोणत्याही जोडणीस लागू पडणारी सूत्रे अशी :

```
AI = −hf / (१ + ho·RL)
Zi = hi + hr·AI·RL
AV = AI·RL / Zi
```

प्रथम सामाईक एमिटर. ho·RL = ०.०२५, म्हणून AI = −५० ÷ १.०२५ = −४८.८. Zi = ११०० − १२ = १०८८ ओहम. AV = −४४.८. पण उगमाचा रोध दहा हजार आणि विवर्धकाचा जेमतेम अकराशे, त्यामुळे उगमाच्या व्होल्टतेचा सुमारे दहावा हिस्साच आत पोहोचतो. उगमापासून भारापर्यंतचे वर्धन −४.४ एवढेच उरते.

आता सामाईक कलेक्टर. AI = ५१ ÷ १.०२५ = ४९.८. Zi = ११०० + ४९,७५६, म्हणजे सुमारे ५०,९०० ओहम. AV = ४९,७५६ ÷ ५०,८५६ = ०.९८. उगमासह पाहिल्यास ४९,७५६ ÷ ६०,८५६ = ०.८२. व्होल्टता वाढली नाही. पण ट्रान्झिस्टर मध्ये न घालता तोच भार थेट उगमाला जोडला असता, तर ११ पैकी १ भाग, म्हणजे ०.०९ एवढीच व्होल्टता भाराला मिळाली असती. एमिटर-अनुगामीचे मोल इथे दिसते.

सामाईक एमिटरच्या गणितात hre सोडून दिला तरी Zi मध्ये केवळ १२ ओहमांचा फरक पडतो. त्या सवयीने विद्यार्थी hrc देखील सोडून देतात. मग Zi = ११०० ओहम आणि AV = ४५ असे उत्तर येते. ते चुकीचे आहे हे ओळखण्याची खूण अशी : एमिटर बेसच्या मागोमाग चालतो, तो बेसच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून या जोडणीत वर्धन एकाहून अधिक आले की गणित तेथेच थांबवून hr पाहावा.

उत्तराचा पडताळा दुसऱ्या वाटेनेही घेता येतो. प्रदान बाजूची संवाहकता ho − hf·hr ÷ (hi + Rs) या सूत्राने मिळते. आपल्या उदाहरणात ती ०.००००२५ + ५१ ÷ ११,१०० = ०.००४६२ येते, म्हणजे प्रदान रोध २१६ ओहम. भार काढून घेतल्यास वर्धन ०.९९५ असते. १००० ओहमांचा भार जोडल्यावर ०.९९५ × १००० ÷ १२१६ = ०.८२. दोन्ही वाटा एकाच उत्तरावर येतात.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानी घ्यावी. हे चार आकडे एका ठरावीक कलेक्टर धारेसाठी, लहान संकेतासाठी व कमी वारंवारतेसाठीच खरे असतात. कलेक्टर धारा दुप्पट केली तर hie सुमारे निम्मा होतो. तापमानाने hfe बदलतो, आणि एकाच क्रमांकाच्या दोन ट्रान्झिस्टरांतही तो सारखा नसतो. मात्र hfe ५० ऐवजी १०० धरून पाहिल्यास एमिटर-अनुगामीचे AV ०.९८ वरून ०.९९ वर जाते, इतकेच. सामाईक एमिटरमध्ये, hie तोच धरल्यास, ते जवळजवळ दुप्पट होते. आदानाकडे परतणारी ती पूर्ण व्होल्टता वर्धन हिरावून घेते, पण बदल्यात स्थैर्य देते.