तोंडाभोवतीचे कडे आणि मलमाची घाई

लहान मुलाच्या तोंडाभोवती कोरडे, खरखरीत, लालसर कडे उमटले की घरात पहिला प्रश्न उठतो, ‘याला लावायचे काय?’ माझ्या मते हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न असा, की हे कडे ओठापासून नेमके कुठे सुरू होते आणि कुठे संपते? त्याच जागी तीन वेगवेगळे विकार उमटतात आणि तिन्हींचे उपचार एकमेकांशी जुळत नाहीत. ओठ चाटण्याच्या सवयीने झालेल्या कड्याला साधे व्हॅसलीन आणि थोडा धीर पुरतो. जंतुसंसर्गाने होणाऱ्या इम्पेटिगोला प्रतिजैविक लागते. पेरिओरल डर्मटायटिस नावाच्या पुरळाला मात्र लावलेली बहुतेक मलमे बंद करणे हाच उपचाराचा पहिला भाग असतो. यातली कटू गोष्ट अशी की हा तिसरा विकार पुष्कळदा पहिल्यावर केलेल्या चुकीच्या उपचारातून जन्माला येतो.

लोणावळ्यात हा गोंधळ व्हायला हवाही हातभार लावते. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या गावात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, टॉवेल दमट राहतो, मुले चिखलात खेळून खरचटून घेतात आणि दमट त्वचेवर जंतूंना आयते घर मिळते. इम्पेटिगोचे हे दिवस. दिवाळीनंतर घाटावरचा कोरडा, गार वारा सुरू झाला की ओठ ओढायला लागतात, सर्दीने नाक चोंदते, मूल तोंडाने श्वास घेते आणि ओठ ओले करायला जीभ बाहेर येते. जीभ फिरली की क्षणभर बरे वाटते, पण लाळ वाऱ्यावर उडून जाताना त्वचेतला ओलावाही घेऊन जाते. शिवाय लाळेत अन्न पचवणारी द्रव्ये असतात, ती नाजूक त्वचेला चुरचुरवतात. चुरचुरले की मूल पुन्हा चाटते. मे महिन्यात आंबा चोखून, सालीच्या चिकाने तोंडाभोवती पुरळ येतो तो निराळा; त्याची वेळच त्याची ओळख सांगते. पण ऋतू हा फक्त इशारा आहे, पुरावा नव्हे. भर पावसात ओठ चाटणारी मुले असतात आणि थंडीतही इम्पेटिगो होतो, म्हणून शेवटी चेहऱ्याकडेच बघावे लागते.

बघायचे ते दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बसवून. चाटण्याचे कडे ओठाला चिकटूनच सुरू होते, ओठही फाटलेले, सालपटे निघालेले असतात, आणि कडे जिथवर जीभ पोचते तिथेच संपते. मुलाला जीभ बाहेर काढून गोल फिरवायला सांगा. जिभेची वाट आणि कड्याची कडा जुळली तर निदान जवळजवळ तुमच्या हातात आहे. पेरिओरल डर्मटायटिसमध्ये उलट घडते. ओठाला लागून काही मिलिमीटरची एक पट्टी स्वच्छ राहते आणि तिच्या पलीकडे बारीक बारीक पुटकुळ्यांचे झुबके दिसतात. त्या नाकपुडीच्या बाजूला, कधी डोळ्यांखालीही चढतात. खाजेपेक्षा आग अधिक. इम्पेटिगो कडे काढत नाही. तो एका बाजूला, बहुधा नाकाखाली किंवा तोंडाच्या कोपऱ्याजवळ, एका फोडाने सुरू होतो; फोड फुटतो, त्यातला स्राव सुकून मधासारखी पिवळसर खपली धरते, आणि दोन दिवसांत हनुवटीवर, हातावर, कधी धाकट्या भावंडाच्या गालावर दुसरा डाग दिसतो. इथे एक सावधगिरी. पुस्तकांत ‘लाल कडे’ असे लिहिलेले असते, ते गोऱ्या कातडीवर पाहून. मावळातल्या सावळ्या मुलाच्या चेहऱ्यावर तेच कडे तपकिरी, करडे किंवा जांभळट दिसते आणि लाली जेमतेम जाणवते. म्हणून रंगावर विसंबू नका; खरखरीतपणा, पुटकुळ्या, खपली आणि ओठालगतची पट्टी यांवर विसंबा.

आता चूक कशी घडत जाते ते एका कल्पित उदाहरणावर पाहू. तुंगार्लीत राहणारी सहा वर्षांची मुलगी, जानेवारी महिना, पंधरा दिवसांची सर्दी, ओठाखाली खरखरीत कडे. घरचे कोणी मेडिकलमध्ये जाऊन ‘तोंडाला चट्टा आलाय’ सांगतात आणि एक नळी घेऊन येतात. अशा नळीत बहुधा तीन औषधे एकत्र असतात: एक जोरकस स्टिरॉइड, एक बुरशीनाशक, एक प्रतिजैविक. स्टिरॉइड दाह दाबते, म्हणून तीन दिवसांत कडे फिके पडते आणि सगळे खूश होतात. सवय मात्र तशीच आहे. नळी थांबली की आठवड्यात कडे परत येते, आधीपेक्षा चिडलेले. पुन्हा नळी. असे महिना-दीड महिना चालले की एक दिवस ओठांना लागून स्वच्छ पट्टी आणि तिच्याबाहेर पुटकुळ्या, असे चित्र दिसू लागते. पहिल्या विकाराची जागा तिसऱ्याने घेतली. आता मलम लावले तर बरे वाटते, थांबवले तर भडका उडतो. आई-वडिलांना हा भडका औषधाच्या गुणाचा पुरावा वाटतो. वास्तविक तो औषधाच्या दोषाचा पुरावा असतो. स्टिरॉइड सोडल्यावर पहिले एक-दोन आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसणारच. हे आधी माहीत नसेल तर कोणीही घाबरून पुन्हा नळी उघडेल.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला: लगेच फरक पडला, म्हणजे औषध बरोबर होते. नाही. स्टिरॉइड जवळजवळ कोणताही दाह तात्पुरता शमवते, जंतुसंसर्गाचासुद्धा. जंतू आत वाढत राहतात आणि वरून शांत दिसते. आराम पडला म्हणजे निदान बरोबर होते असे होत नाही. दुसरा: त्वचारोगतज्ज्ञही चाटण्याच्या कड्याला स्टिरॉइड लिहून देतात, मग दुकानातल्या नळीने काय बिघडते? हे अर्धे खरे आहे. कडे फार सुजलेले असेल तर हायड्रोकॉर्टिसोनसारखे अगदी सौम्य मलम थोडे दिवस, पातळ थरात देतात आणि थांबवण्याची तारीखही सांगतात. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे त्याच घराण्यातले, पण कित्येक पट जोरकस. ती मुलाच्या चेहऱ्यासाठी नाहीतच. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून १४ स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्याला बंदी घातली ती अशा गैरवापरामुळेच. तिसरा आक्षेप घरातल्या मोठ्यांचा: ही उष्णता आहे, किंवा जीवनसत्त्व कमी पडले आहे. जीवनसत्त्वे किंवा लोह कमी पडल्याने तोंडाचे कोपरे चिरतात, जीभ लाल होते हे खरे. पण जिभेच्या मापाचे रेखीव कडे त्याने उमटत नाही. आणि ‘उष्णते’वर लिंबू, हळद किंवा टूथपेस्ट लावली तर फाटलेली त्वचा आणखी पेटते.

इम्पेटिगोबाबत मात्र थांबून बघण्याची मुभा नाही. मधासारखी खपली दिसली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. डाग थोडे असतील तर म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडचे मलम सहसा पाच दिवस लावायला देतात, लावण्याआधी खपली कोमट पाण्याने भिजवून हलकेच काढायची असते. डाग बरेच असतील किंवा ताप असेल तर पोटात घ्यायचे औषध लागते. उपचार सुरू होऊन निदान एक दिवस उलटेपर्यंत, आणि शक्यतो डाग सुकेपर्यंत, शाळा नको. टॉवेल वेगळा, नखे कापलेली. चाटून फाटलेल्या त्वचेतही हे जंतू शिरू शकतात, तेव्हा जुन्या कड्यावर अचानक पिवळी खपली आली तर ‘हे तर नेहमीचेच’ म्हणून सोडू नका. बरे झाल्यावरही पुढचे काही आठवडे लघवीकडे लक्ष असावे: ती चहाच्या रंगाची झाली किंवा सकाळी चेहरा-पापण्या सुजल्या तर मूत्रपिंडाची तपासणी लागते. हे क्वचित घडते, पण घडते. दाटीने आलेले दुखरे फोड आणि ताप असतील तर तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा प्रकार असू शकतो. तिथे उशीर अजिबात नको.

चाटण्याच्या कड्यावर जे करायचे ते इतके साधे आहे की लोकांचा विश्वास बसत नाही. बिनवासाची, बिनरंगाची पेट्रोलियम जेली जाड थरात, दिवसातून सहा-आठ वेळा: जेवणाआधी, जेवल्यावर तोंड ओल्या फडक्याने टिपून, बाहेर वाऱ्यात जाण्याआधी आणि झोपताना सर्वांत जास्त. मूल ती थोडी चाटून खाईल, त्याने अपाय होत नाही. पुदिना, कापूर किंवा फळाच्या चवीचे लिप बाम मात्र नको. एक चुरचुरते आणि दुसरे चाटायला बोलावते. चिक्की खाल्ल्यावर ओठांवर चिकटलेला गूळ जिभेने नव्हे, पाण्याने काढायचा. ‘चाटू नकोस’ असे दिवसभर ओरडून सवय जात नाही, उलट मुलाचे सगळे लक्ष ओठांकडे जाते. त्यापेक्षा पाण्याची बाटली हाताशी द्या, आणि नाक चोंदले असेल तर आधी त्याचा उपाय करा, कारण तोंड उघडे आहे तोवर ओठ कोरडे पडणारच. असे केल्यावर एक-दोन आठवड्यांत स्पष्ट फरक दिसायला हवा. दिसला नाही, तर निदान चुकले असे धरून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि आजवर लावलेल्या सगळ्या नळ्या सोबत न्या. पेरिओरल डर्मटायटिस निघालाच तर लावायचे किंवा पोटात घ्यायचे प्रतिजैविक ते वयाप्रमाणे ठरवतील. मोठ्यांना देतात ते डॉक्सिसायक्लिन लहानांना सहसा देत नाहीत, दातांवर डाग पडतात म्हणून. दम्यासाठी मास्कमधून स्टिरॉइड घेणाऱ्या मुलांनाही हा पुरळ होतो. तिथे औषध आपल्या मनाने बंद करू नका. प्रत्येक वेळी नंतर चेहरा धुवा आणि डॉक्टरांना सांगा.

एक शेवटची गोष्ट, कारण नळी पुन्हा उघडते ती बहुधा इथे. खरखर गेली, त्वचा मऊ झाली, तरी सावळ्या चेहऱ्यावर काळसर कडे मागे राहते. तो आजार नसतो, दाहाने मागे ठेवलेला रंग असतो. गोरे करणारी क्रीम त्यावर लावू नका, त्यांतल्या काहींमध्येही स्टिरॉइड असते. तो रंग काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत आपोआप जातो.