'ड्राफ्ट करून आण, सही करतो'

'नमस्कार सर, मी २०२१ च्या बॅचचा. अमेरिकेत एमएसला अर्ज करतोय. एलओआर हवं होतं, कधी येऊ?' या मेसेजला आपल्याकडच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत ठरलेलं उत्तर येतं : 'ड्राफ्ट करून आण, सही करतो.' या उत्तराचा मला अजूनही राग आहे आणि मी हे थंड डोक्यानं लिहितोय असा आव आणणार नाही. चार वर्षं शिकवलेल्या मुलाबद्दल चार ओळी सुचू नयेत? पण राग बाजूला ठेवून तो मेसेज वाचला, तर त्यात सरांना लिहिता येईल असं एक अक्षर नाही. दरवर्षी शंभरेक नवे चेहरे पाहणाऱ्या माणसाला आठवण्याजोगं काही दिलं नाही, तर तो कागद परत आपल्याकडेच ढकलणार. म्हणून माझं म्हणणं एवढंच : पत्र लिहून देऊ नका, पत्राचा ऐवज पुरवा.

'सही मिळतेय ना, मग बिघडलं कुठे?' असं विचारणारे पुष्कळ भेटतात. पहिली गोष्ट, पत्रं बहुधा तीन लागतात. तिन्ही एकाच मुलानं लिहिली की तीन प्राध्यापक एकाच सुरात बोलू लागतात, आणि वर्षानुवर्षं अर्ज वाचणाऱ्याला ते कळतं. दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. विद्यापीठाच्या पोर्टलवर आपण सरांचा कॉलेजचा ईमेल भरतो, त्यावर त्यांना लिंक जाते आणि पत्राच्या पीडीएफसोबत अनेकदा एक तक्ताही भरावा लागतो : हा विद्यार्थी पहिल्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत की मधला? तो तक्ता सरांनी स्वतः भरायचा असतो. पत्रात 'असामान्य' आणि तक्त्यात 'मधला', असं झालं तर दोष द्यायचा कुणाला? शिवाय त्याच अर्जात, १९७४ च्या 'फर्पा' कायद्यानं मिळणारा पत्र पाहण्याचा हक्क आपण बहुधा सोडून दिलेला असतो. जे पाहणार नाही म्हणून लिहून दिलं, ते स्वतःच टाइप करायचं, हा निव्वळ खोटेपणा आहे.

मग मेसेजमध्ये काय असावं? सरांनी स्वतः पाहिलेलं, आणि गुणपत्रिकेत न दिसणारं. समजा, फायनल इयरचा प्रोजेक्ट कांदा वाळवण्याच्या सोलर ड्रायरचा होता. तर असं लिहावं : 'सर, आपण आमचे गाईड होतात. पहिल्या रिव्ह्यूत आपण विचारलं होतं, वरच्या ट्रेमधला कांदा ओला का राहतो? मी तिन्ही ट्रेंमधलं तापमान आणि कांद्याचं वजन दर तासाला नोंदवलं. खालच्या ट्रेंतला ओलावा घेऊन वर पोचेपर्यंत हवा थंड आणि दमट झालेली असायची. मग चिमणीची उंची वाढवली आणि ट्रे आलटून-पालटून ठेवले. पुढच्या रिव्ह्यूत आपण ते आकडे तपासले होते.' एवढ्यावर सरांना त्यांचाच प्रश्न आठवतो आणि पत्र त्यांच्या शब्दांत उभं राहतं. 'मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर' यातून काहीच उभं राहत नाही. सोबत एक फोटो, रिपोर्टची पीडीएफ आणि कोणत्या कोर्सला का अर्ज करताय याच्या दोन ओळी जोडा. सीव्ही जोडायचा हे काही सांगायला नको.

'सरांना आठवण करून देणं उद्धटपणा नाही का?' नाही. विशेषणं सुचवणं उद्धटपणाचं, घडलेलं सांगणं नव्हे. उलट त्यांना नकाराची वाटही द्यावी : 'सविस्तर लिहिणं जमणार नसेल तर मोकळेपणी सांगा.' कारण नाही म्हणणाऱ्यांपेक्षा 'हो हो, बघतो' म्हणून लिंक न उघडणारे जास्त नडतात. त्यांना मेसेजवर दोन निळ्या टिका दिसू देण्याचाही संकोच नसतो. अर्जाच्या शेवटच्या तारखा बऱ्याच ठिकाणी १ किंवा १५ डिसेंबरच्या असतात. त्याआधीच्या आठवड्यांत दिवाळीची सुट्टी आणि परीक्षा येतात, म्हणून सप्टेंबरातच विचारावं. होकार आल्यावरच पोर्टलवर नाव भरावं. प्रत्येक विद्यापीठाची लिंक वेगळी येते आणि ती स्पॅममध्येही जाते, तेव्हा विद्यापीठ, कोर्स, तारीख अशी एकच यादी द्यावी. न्यूयॉर्कच्या वेळेनं १५ तारखेची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे १६ च्या सकाळचे साडेदहा; तरीही सरांना १० तारीखच सांगावी.

एवढं करूनही 'ड्राफ्ट आण'च आलं तर? पत्राची गरज आपल्याला, त्यामुळे ताठ उत्तर देता येत नाही, हे मान्य. 'सर, मुद्दे पाठवलेत, वाक्यं आपली असू द्या,' असं एकदा म्हणून पाहावं. नाहीच जमलं तर लेटरहेडवरच्या विभागप्रमुखपदाचा मोह सोडून, ड्रायरशेजारी उन्हात उभ्या राहिलेल्या लॅबच्या मॅडमना विचारावं.